सुईचं नेढं आणि तीन मिनिटांची फिल्म

स्पर्धेचा नियम साधा होता, टायटल आणि क्रेडिट धरून १८० सेकंद, वर एक सेकंद गेला तरी एन्ट्री बाद. क्रेडिटला १२ सेकंद धरा, नावाला ४-५, म्हणजे गोष्ट सांगायला आमच्याकडे उरले साधारण १६० सेकंद. आणि तेवढ्यात एक माणूस बदललेला दाखवायचा होता. नुसती गंमत किंवा शेवटी धक्का असलेली फिल्म नको, हे आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवून टाकलेलं, आम्ही म्हणजे मी लिहिणार आणि डिरेक्ट करणार, एक मित्र कॅमेऱ्यावर, एक मैत्रीण एडिटला आणि साउंडला अजून एक जण.

विषय माझ्या डोक्यात आधीपासून होता. कोल्हापुरात आमच्या पेठेत एक लेडीज टेलरचं जुनं दुकान आहे, एक मशीन, एक कटिंगचं टेबल, भिंतीला हँगरवर ब्लाउज. तसल्या दुकानातला म्हातारा शिंपी, ज्याची नजर आता कमी झालीये पण तो ते मान्य करत नाही. पहिल्या कागदावर मी लिहिलं होतं, 'अण्णांना आपला मान टिकवायचाय.' वाचायला बरं वाटतं. कॅमेरावाल्याने वाचलं आणि एवढंच विचारलं, हे मी शूट कशाचं करू? लेन्स कुठे लावू?

प्रश्न बरोबर होता. मान टिकवणं ही दोन तासांच्या सिनेमाची इच्छा झाली, तिथे तुम्हाला दहा प्रसंग मिळतात ती उभी करायला. १६० सेकंदात इच्छा अशी पाहिजे की ती हाताने करता येते आणि झाली की नाही झाली हे प्रेक्षकाला न सांगता कळतं. मग आम्ही उलटं शोधायला लागलो, की नजर गेलेल्या शिंप्याला दिवसभरात सगळ्यात जास्त कशाचा त्रास होत असेल. कटिंग नाही, त्याला हाताचा अंदाज असतो. मशीनवर शिवणं पण नाही, टिपेची सवय पायात आणि बोटात बसलेली असते. अडतं ते हातशिलाईला. ब्लाउज पूर्ण झाला तरी हुक राहतात, हुकपट्टीला ते हातानेच लावायचे असतात, आणि त्यासाठी आधी सुईत दोरा ओवावा लागतो. सुईचं नेढं केवढं असतं माहितीये ना.

झालं, इच्छा मिळाली: अण्णांना सुईत दोरा ओवायचाय. दोरा नेढ्यातून जातो किंवा जात नाही, तिसरं काही होतच नाही, लहान पोराला पण कळतं. त्याला घाई पाहिजे म्हणून गिऱ्हाईक समोर स्टुलावर आणून बसवलं, संध्याकाळी हळदीला जायचंय, ब्लाउज आत्ता हवाय, फक्त हुक राहिलेत. मान-बिन जे काय होतं ते आपोआप त्या सुईच्या मागे येऊन उभं राहिलं, वेगळं लिहावं लागलं नाही.

अडथळ्यावर मात्र आम्ही बराच वेळ घालवला. पहिल्या ड्राफ्टमध्ये लाइट जाते, मग दोरा तुटतो, मग फोन येतो, मग रस्त्यावरून मिरवणूक जाते आणि अण्णा दचकतात. वाचताना मजा येत होती पण शेवटाला आलो की काहीतरी पोकळ वाटायचं. कारण नंतर सापडलं. लाइट गेली तर माणूस काय करतो, लाइट यायची वाट बघतो. त्यात त्याला स्वतःला काही बदलायची गरजच पडत नाही. असले अडथळे फक्त उशीर करतात.

ल्युमिएर बंधूंची १८९५ सालची माळ्याची फिल्म बऱ्याच जणांनी बघितली असेल, पाऊण मिनिटाची. माळी पाइपने झाडांना पाणी घालतोय, एक पोरगा मागून पाइपवर पाय देतो, पाणी बंद, माळी पाइपच्या तोंडात बघतो, पोरगा पाय काढतो, पाणी तोंडावर. मग माळी पोराला धरून बदडतो आणि परत पाणी घालायला लागतो. इच्छा आहे, अडथळा आहे, तो दूर पण झाला. पण माळी होता तसाच आहे, उद्या दुसऱ्या पोराने पाय दिला तर परत हेच करेल. ती गंमत म्हणून पूर्ण आहे आणि तिला अजून काही नको, पण आम्हाला जे पाहिजे होतं ते त्यात नाही. आमचा लाइट जाण्याचा ड्राफ्ट अगदी तिथेच अडकलेला.

तर मग एडिटवाली म्हणाली, अडथळे काढून टाक, उलट त्याला सोपा रस्ता दे, एकदम हाताशी. म्हणून दुकानात मुलगी आली. काज-बटण करायला ठेवलेली, सतरा-अठराची, तिला आम्ही सोनी म्हणत होतो. तीन फुटांवर बसलेली असते, तिला दोरा ओवायला दोन सेकंद लागतात, ते सगळ्यांना दिसतं. आता अण्णा ओवू शकत नाहीत यापेक्षा अण्णा तिला का देत नाहीत हा प्रश्न मोठा झाला, आणि तो प्रश्न म्हणजेच अण्णा.

त्याच्यावर अजून एक खिळा पाहिजे होता, नाहीतर प्रेक्षक म्हणणार म्हातारा हट्टी आहे, संपलं. तो खिळा गिऱ्हाईक वहिनींच्या तोंडी दिला. स्टुलावर बसता बसता त्या म्हणतात, "अण्णा, हुक तुम्हीच लावा हं. मागच्या वेळी पोरीनं लावलेले दोन पहिल्याच धुण्यात निघाले." अख्ख्या फिल्ममध्ये मोठा म्हणावा असा हा एकच डायलॉग. हे ऐकल्यावर सुई सोनीच्या हातात देणं म्हणजे गिऱ्हाइकासमोर कबूल करणं की तुम्ही ज्या हातासाठी इथे येता तो हात आता पुरेसा नाही. म्हणजे बदलायची किंमत आधीच ठरली आणि ती प्रेक्षकाला माहीत झाली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, किंमत माहीत नसेल तर शेवटचा बदल फुकटात झाल्यासारखा दिसतो आणि मग तो भरून काढायला आपण त्यावर बासरी टाकतो.

आता बदल. सुरुवातीच्या लिखाणात शेवटी अण्णा सोनीला म्हणायचे, "माझे डोळे आता चालत नाहीत पोरी, तूच लाव." डोळ्यात पाणी वगैरे. लिहिताना मला स्वतःला भरून आलेलं, खरं सांगतो. पण वाचन केलं तेव्हा लक्षात आलं की वाक्य सुरू व्हायच्या आधी माणूस वेगळा आणि वाक्य संपल्यावर वेगळा, आणि मधे आपण काहीच बघितलेलं नाही, फक्त ऐकलं. बदल दिसायला दोन टोकं लागतात, एकच गोष्ट आधी अशी करत होता आणि आता तशी करतो. म्हणून ते वाक्य काढलं आणि शेवटची कृती आधी ठरवली: अण्णा सुई आणि दोरा धरलेला हात सोनीसमोर करतात, तिच्याकडे न बघता. मग त्याचीच उलट कृती सुरुवातीला पेरली. फिल्म सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत अण्णांचा पहिला नेम चुकतो, सोनी सवयीने हात पुढे करते, आणि अण्णा तिच्याकडे न बघता तिचा हात मनगटाने बाजूला सारतात. राग नाही काही नाही, माशी हाकलावी तसं. तोच हात, तीच जागा, दोन्ही वेळा नजर दुसरीकडे.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी मला वाचनातच कळली. मधल्या भागात सोनी अजून दोनदा 'द्या अण्णा' म्हणायची. अभिनय करणाऱ्या मुलीला पण ते आवडायचं, तिला काहीतरी करायला मिळत होतं. पण त्याने शेवट मरत होता, कारण ती परत परत विचारतेय म्हटल्यावर अण्णांनी शेवटी फक्त 'बरं' म्हणायचं राहतं. वळण तिचं होतं, त्यांचं नाही. म्हणून पहिल्यांदा हात झिडकारल्यावर सोनीने परत काहीच विचारायचं नाही असं ठरवलं. ती खाली मान घालून काज करत राहते. आता हात पुढे करायचा तर अण्णांनाच करावा लागणार, त्यांना कुणी सोडवायला येणार नाही.

मधले ९० सेकंद म्हणजे तीन प्रयत्न, पण एकाच प्रकारचे तीन नकोत. पहिल्यात अण्णा नेहमीसारखं करतात, दोऱ्याचं टोक कात्रीने तिरकं कापतात, तोंडात ओलं करतात, पीळ देतात, नेम धरतात, हुकतो. दुसऱ्यात ते उठून दारात जातात, वहिनींना वाटावं की रस्त्यावर बघतायत, पण खरं तर उजेडात सुई धरलीये आणि मागे पांढऱ्या अस्तराचा तुकडा धरलाय, म्हणजे नेढं दिसेल. तरी नाही. इथपर्यंत माणूस फक्त प्रयत्न करतोय. तिसऱ्याला काहीतरी असं पाहिजे होतं की जे केल्यावर तो स्वतःच्याच नजरेतून उतरेल, आणि ते सुचलं आमच्या साउंडवाल्याला, चहा पिताना. तो म्हणाला, नुसतीच सुई चालवू दे ना.

म्हणजे अण्णा परत येऊन बसतात, वहिनी बघतायत, आणि ते बिनदोऱ्याची सुई हुकपट्टीत घालून हुक लावायचं नाटक करतात. सुई जाते, निघते, हाताची लय एकदम पक्की, लांबून वाटतं काम चाललंय. वहिनी निवांत होतात. सोनीला मात्र दिसतं. ज्या सफाईसाठी गिऱ्हाईक येतं तीच सफाई इथे खोटं बोलायला वापरलीये. हे सापडल्यावर बाकी सगळी स्क्रिप्ट एका संध्याकाळी बसली.

स्क्रिप्टची लांबी मोजताना 'एक पान एक मिनिट' हा हिशोब आम्ही सोडून दिला. तो इंग्रजी स्क्रिप्टच्या ठरलेल्या फॉन्ट आणि मार्जिनचा हिशोब आहे, वहीत मराठीत लिहिलेल्या पानाला लागू नाही आणि जिथे कुणी बोलतच नाही तिथे तर अजिबात नाही. 'अण्णा दोरा ओवायचा प्रयत्न करतात' ही एक ओळ पडद्यावर २० सेकंद घेते. त्यामुळे मोबाइलवर स्टॉपवॉच लावून एकेक तुकडा घरी करून बघितला, तेवढं एकच माप खरं निघतं.

शूटला गंमत झाली. अण्णांचं काम करणारे काका हौशी नाटकातले, चांगले नट, आणि पहिल्याच टेकला त्यांनी एका फटक्यात दोरा ओवला. मग मुद्दाम चुकवायला सांगितलं तर ते इतकं मुद्दाम दिसायला लागलं की आम्हालाच हसू आलं, कारण खरा चुकणारा माणूस चुकत नाही, तो बरोबर करायच्या खटपटीत असतो. शेवटी त्यांचा जवळचा चष्मा काढून घेतला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, लांबचं स्वच्छ दिसतं पण जवळचं चष्म्याशिवाय धूसर, त्यांनी आधीच सांगितलेलं. आणि सांगितलं, काका आता खरंच ओवा, आम्ही थांबवणार नाही. मग जे मिळालं ते लिहून येणारं नव्हतं. जीभ किंचित बाहेर, मान मागे, सुई लांब लांब जातेय, दोरा नेढ्याच्या बाजूने सरकला तरी गेला असं वाटून बोटं ओढायला जातात आणि हातात काहीच येत नाही.

नेढ्याचा क्लोजअप मात्र डोकेदुखी. एवढ्या जवळून शूट करताना फोकस काही मिलिमीटरच मिळतो, हात जरा हलला की सुई धूसर. कॅमेरावाल्याने लेन्सचं छिद्र बारीक केलं, f/11 पर्यंत नेलं, मग अंधार झाला म्हणून टेबल लॅम्प जवळ आणला, मग स्टीलच्या सुईवर चमक यायला लागली म्हणून लॅम्पसमोर ट्रेसिंग पेपर धरला. काकांचं मनगट टेबलाच्या कडेला टेकवून ठेवलं. आणि क्लोजअपपुरती मोठ्या नेढ्याची सुई वापरली, खऱ्या सुईचं नेढं पडद्यावर कळतच नव्हतं. दोरा मरून घेतला कारण पांढऱ्या अस्तरावर तो उठून दिसतो, ब्लाउज त्यामुळे मरून झाला.

हात झिडकारण्याचा आणि हात पुढे करण्याचा शॉट आम्ही पाठोपाठ घेतला, ट्रायपॉड न हलवता, त्याच लेन्सवर. फ्रेममध्ये डावीकडे अण्णांचा हात, उजवीकडे सोनीचा गुडघा आणि मांडीवरचं कापड, बास. क्रमाने शूट केलं असतं तर दोन शॉटमध्ये उजेड आणि जागा थोडी तरी बदलली असती आणि मग प्रेक्षकाला आधीचा शॉट आठवला नसता. दुसऱ्यांदा तीच फ्रेम आली की काय बदललंय ते कुणी न सांगता कळतं.

पहिला कट सव्वाचार मिनिटांच्या आसपास गेला. माझा हात आधी मधल्या प्रयत्नांवर गेला, तीनचे दोन करू म्हणून. एडिटवालीने ऐकलं नाही, तिने सुरुवात कापली. पेठेतला रस्ता, दुकानाची पाटी, वहिनी गाडी लावतात, चपला काढतात, हे सगळं गेलं. आता फिल्म थेट दोऱ्याचं टोक कापणाऱ्या कात्रीवर उघडते. २० व्या सेकंदाला त्यांना काय हवंय ते कळतं, ३० च्या आसपास हात झिडकारतात, ४५ ला वहिनींचं वाक्य, दारातला प्रयत्न दीड मिनिटाला संपतो, मग बिनदोऱ्याची सुई दोन मिनिटं पाच सेकंदांपर्यंत. त्यानंतर एक सहा सेकंदांचा थांबा आहे ज्यात काहीच होत नाही, सुई कापडात अर्धी घातलेली आणि हात थांबलेला. वेळ वाचवायला तोच कापावासा वाटतो. आम्ही तो दोन सेकंदांचा करून बघितला तर हात पुढे येणं प्रतिक्षिप्त वाटायला लागलं, उचकी लागावी तसं. निर्णय त्या चार जास्तीच्या सेकंदांत होतो, चेहऱ्यावर काकांनी काही केलेलं नाही, पण आधी वहिनींचा निवांत चेहरा आणि नंतर स्वतःची रिकामी सुई असे शॉट लागले की बघणारा त्यात सगळं स्वतः भरतो.

कट झाल्यावर ओळखीच्या काही लोकांना दाखवला, आधी आवाज बंद करून. आवडली का असं विचारायचं नाही, त्याने काही कळत नाही, सगळे छान म्हणतात. विचारायचं की त्याला काय हवं होतं, कशामुळे अडलं, आणि शेवटी तो वेगळं काय करतो. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यांची उत्तरं जवळपास तीच आली. मधे गोंधळ झाला. दोघांना वाटलं की अण्णांना दारात दोरा ओवता आला आणि नंतर ते खरंच शिवत होते, मग पोरीला सुई का दिली ते कळेना, एक जण म्हणाला कंटाळले असतील. म्हणजे रिकामी सुई दिसलीच नव्हती. आम्हाला माहीत असल्यामुळे आम्हाला ती दिसत होती. तो एक शॉट घरी नंतर घेतला, त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्यावर, सुई वर येते आणि तिच्या मागे काहीच येत नाही, नेढं फ्रेमच्या मधोमध. दोन सेकंद. पुढच्या वेळी दाखवलं तेव्हा तिथे एक काकू 'अगं बाई' म्हणाल्या.

आवाजात पण तेच केलं. रिकाम्या सुईला आवाज नाही, फक्त रस्ता आणि पंखा. सोनी दोरा ओवून सुई परत देते, अण्णा पहिला टाका घालतात तेव्हा दोरा कापडातून ओढल्याचा सर्रर्र असा आवाज, वेगळा रेकॉर्ड करून, जरा मोठाच ठेवलाय. संगीत नाहीच.

हो, सुई परत देते. यावर वाद झाला, एका मताने हुक सोनीनेच लावायला हवे होते, तरच अण्णांनी खरं काही सोडलं असं होईल. मला ते पटलं नाही. हुक लावायचा हात त्यांचा अजून चांगलाच आहे, गेलेत ते डोळे, आणि जेवढं गेलंय तेवढंच त्यांनी मान्य करायचंय. जास्त सोडायला लावलं तर तो माझा न्याय झाला, त्यांचा बदल नाही. सोनीची स्वतःची गोष्ट, तिने लावलेले हुक का निघाले वगैरे, ती पण दोन ओळीत होती कागदावर, पण १६० सेकंदात दुसरा माणूस बदलायला जागाच नव्हती म्हणून ती आख्खी काढली.

शेवटचा प्रश्न वहिनींचा. सुई सोनीकडे जाते ते त्या बघतात, मग पुढे काय? एका टेकमध्ये त्या हसून मान डोलावतात, म्हणजे अण्णांना बक्षीस मिळालं. दुसऱ्यात तोंड वाकडं करतात, म्हणजे शिक्षा. दोन्हीत अण्णांनी जे केलं त्यापेक्षा वहिनींना काय वाटलं ते मोठं होत होतं. तिसऱ्या टेकला मी त्यांना सांगितलं, बघा, आणि मग घड्याळ बघा. त्या पुढच्या वेळी येतील की दुसरा टेलर बघतील ते कळत नाही, आणि अण्णांना पण ते कळत नाही, तरी त्यांनी हात पुढे केलाय. तोच ठेवला. साउंडवाला अजून म्हणतो हसणारा टेक लावला असता तर टाळ्या जास्त पडल्या असत्या, आणि पडल्या असत्याही, पण एन्ट्री २ मिनिटं ५८ सेकंदांची गेली ती घड्याळवाल्या वहिनींसकट.